शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत अधिष्ठाता महोदयांना पत्र

दिनांक : २१ जुलै २०२५

प्रति,
मा. अधिष्ठाता, विद्यार्थी कल्याण,
महाविद्यालय कार्यालय, ठाणे (पश्चिम)

विषय : सन २०२५-२६ साठी माजी विद्यार्थी निधीतील शिष्यवृत्तीच्या अर्जाबाबत.

महोदया,

मी सुयश दत्तात्रय मोरे, आपल्या महाविद्यालयात तृतीय वर्ष बी.एस्सी. (जैवतंत्रज्ञान) या वर्गात शिकत आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज आणि लागणारी कागदपत्रे सोबत जोडली आहेत. त्यातल्या दोन कागदांकडे नुसते पाहिले तर गैरसमज होण्याची शक्यता आहे. एक म्हणजे तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला आणि दुसरी माझी चौथ्या सत्राची गुणपत्रिका. हे दोन्ही कागद एकत्र वाचले जावेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

दाखल्यावर २०२४-२५ चे कुटुंबाचे उत्पन्न ३,१२,००० रुपये आहे. तो आकडा खरा आहे, पण त्यातले बहुतेक उत्पन्न जानेवारीपर्यंतचे आहे. माझे वडील वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये टर्नर होते. पगार महिना २४,००० रुपये. जानेवारीच्या शेवटी लेथवर काम करताना त्यांचा हात अडकला आणि उजव्या हाताची दोन बोटे गेली. वर्कशॉपमध्ये सातच कामगार होते. दहापेक्षा कमी कामगार असल्यामुळे राज्य कामगार विमा तिथे लागू नव्हता, त्यामुळे उपचाराचा खर्च आमच्यावर आला. मालकांनी सुरुवातीला २०,००० रुपये दिले, त्यानंतर काही मिळाले नाही. दोन शस्त्रक्रिया झाल्या. आईने पतपेढीतून १,१०,००० रुपयांचे कर्ज काढले.

फेब्रुवारी ते मे वडिलांना काहीच कमाई नव्हती. जूनपासून ते घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत रात्रपाळीचे वॉचमन आहेत, पगार १३,००० रुपये. आई पोळी-भाजीचे डबे करते, त्यातून खर्च वजा जाता सहा हजारांच्या आसपास सुटतात. म्हणजे महिन्याला १९,००० रुपये. त्यातून किसननगरच्या खोलीचे भाडे ६,५०० आणि पतपेढीचा हप्ता ४,२०० गेला की ८,३०० रुपयांत चार माणसांचे घर चालते. धाकटा भाऊ यंदा दहावीला आहे. त्याला क्लास लावलेला नाही, त्याचे गणित आणि विज्ञान मीच घेतो. सातारा जिल्ह्यात गावी वीस गुंठे जमीन आहे, ती काका कसतात. तिथून वर्षाला थोडे तांदूळ येतात, पैसे येत नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. अर्जावरची पालकांची सही माझ्या पहिल्या वर्षाच्या प्रवेश अर्जावरच्या सहीशी जुळणार नाही. बाबा आता डाव्या हाताने सही करतात. पेन उजव्या हातात नीट धरता येत नाही. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हातात घेऊन आयुष्य काढलेल्या माणसाला एक सही करायला पाच मिनिटे लागली आणि तीही वेडीवाकडी आली. कार्यालयाला शंका आल्यास रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड सोबत जोडले आहे.

आता अभ्यासाबद्दल. दहावीला मला ८९.४० टक्के होते, पण २०२१ साली परीक्षा झाली नाही, गुण अंतर्गत मूल्यमापनावर मिळाले, म्हणून त्यावर मी फार भर देत नाही. बारावी विज्ञान (२०२३) ८४.१७ टक्के. शाळा मराठी माध्यमाची असल्यामुळे पहिल्या वर्षी इंग्रजी पुस्तक वाचताना शेजारी शब्दकोश ठेवावा लागायचा. तरी पहिल्या सत्राचा एसजीपीए ८.९, दुसऱ्याचा ९.१ आणि तिसऱ्याचा ९.२ आहे. चौथ्याचा ७.६ आहे. ते सत्र म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिलचे महिने. आईला डबे चुकवून चालत नव्हते, म्हणून रुग्णालयात रात्रभर मी थांबायचो आणि सकाळी तिथूनच कॉलेजला यायचो. सर्व विषयांत उत्तीर्ण आहे, आजवर एकही एटीकेटी नाही. विभागप्रमुखांनी त्या काळातल्या हजेरीबद्दल पत्र दिले आहे, तेही जोडले आहे.

हा विषय मी का सोडू इच्छित नाही, हेही सांगितले पाहिजे. दुसऱ्या वर्षी पाण्याच्या तपासणीचे प्रात्यक्षिक होते. मॅककॉन्की ब्रॉथच्या नळ्यांत आम्ही निरनिराळ्या ठिकाणचे पाणी घातले. एक नमुना मी आमच्या चाळीतल्या सार्वजनिक पिंपातून आणला होता. दुसऱ्या दिवशी इनक्युबेटर उघडला तेव्हा त्या नळ्या जांभळ्याच्या पिवळ्या झाल्या होत्या आणि आतल्या उलट्या ठेवलेल्या छोट्या नळीत वायूचा बुडबुडा अडकला होता. कोलिफॉर्म जिवाणू असण्याची ती पहिली खूण. पुढच्या चाचण्या केल्याशिवाय त्यावरून पक्के काही म्हणता येत नाही, हे बाईंनी तेव्हाच बजावले होते. पण पिंपाला झाकण बसवा आणि पाणी उकळून प्या, एवढे मी चाळीतल्या लोकांना त्याच आठवड्यात सांगितले, आणि झाकण बसलेही. यंदाच्या प्रकल्पासाठी मी पावसाळ्यातल्या पिण्याच्या पाण्याची तपासणी हाच विषय मागितला आहे. फेब्रुवारीत जॅम परीक्षा देऊन सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करायची आणि पुढे पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायचे, असे ठरवले आहे.

आमचा अभ्यासक्रम विनाअनुदानित आहे. तृतीय वर्षाची फी ३८,००० रुपये. त्यातले १४,००० रुपये आईच्या बांगड्या गहाण ठेवून प्रवेशाच्या वेळी भरले, पावती जोडली आहे. उरलेले २४,००० रुपये ३० ऑगस्टपर्यंत भरायचे आहेत आणि ते उभे करण्याचा मार्ग घरात उरलेला नाही. चाळीतल्या मुलांच्या शिकवण्यांतून मला महिन्याला अडीच हजार मिळतात. त्यातून बसभाडे, जर्नल, झेरॉक्स आणि भावाची पुस्तके भागतात, फी भागत नाही. पूर्ण वेळ नोकरी धरावी असा विचार घरात झाला होता. दुपारची प्रात्यक्षिके सोडून ती करता येणार नाही आणि प्रात्यक्षिके सोडली तर हे वर्षच जाईल, म्हणून वडिलांनीच नको म्हटले.

माझी विनंती २४,००० रुपयांची आहे. तेवढे शक्य नसेल, तर जी रक्कम मंजूर होईल ती वजा करून बाकी फी जानेवारीपर्यंत दोन हप्त्यांत भरण्याची परवानगी मिळावी. महाडीबीटी पोर्टलवरही मी अर्ज करत आहे. तिथून मंजुरी आली तर त्याच दिवशी कार्यालयाला लेखी कळवीन. एकाच फीसाठी दोन्हीकडून पैसे घेणार नाही.

समितीला प्रत्यक्ष भेटायचे असल्यास मी कोणत्याही दिवशी येईन. वडिलांना बोलवायचे असल्यास दुपारी बारानंतरची वेळ द्यावी ही विनंती, कारण रात्रपाळी संपवून ते सकाळी साडेआठला घरी पोहोचतात.

आपला आज्ञाधारक विद्यार्थी,
सुयश दत्तात्रय मोरे
तृतीय वर्ष बी.एस्सी. (जैवतंत्रज्ञान)
किसननगर, ठाणे (पश्चिम)

सोबत : उत्पन्नाचा दाखला, वडिलांचे जूनचे वेतनपत्रक, पतपेढीचे कर्जखाते पुस्तक, डिस्चार्ज कार्ड, दहावी-बारावीच्या आणि चारही सत्रांच्या गुणपत्रिका, विभागप्रमुखांचे पत्र, फीची पावती, भाडेकराराची प्रत.