अ‍ॅब्नॉर्मल सायकॉलॉजीच्या पेपरचं चार आठवड्यांचं वेळापत्रक

प्रणाली,

तुझी मागच्या सेमिस्टरची वही पाहिली. पिवळा, गुलाबी, हिरवा! रंग न लागलेली ओळ शोधावी लागली. आणि मार्क साठपैकी सत्तावीस. तू वाचलं नाहीस असं नाही, पाच वेळा वाचलंस. पुस्तक मिटून मात्र एकदाही लिहिलं नाहीस. रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ चा प्रयोग तुला माहीत असेल. उतारा पुन्हा पुन्हा वाचणारी मुलं पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होती, पण आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारी पुढे गेली. तुझा पेपर चार आठवड्यांनी आहे.

पेपर सोमवारी, २० एप्रिलला. साठ मार्क, दोन तास, पंधरा-पंधराचे चार प्रश्न. सुरुवात २३ मार्चला. रोज सकाळी ६ ते ७:३० आणि रात्री ८:३० ते १० एवढाच वेळ या विषयाला द्यायचा, कारण बाकीचे पेपरही आहेत. रविवारी रात्री सुट्टी, आणि ती खरोखर घ्यायची.

पहिला आठवडा (२३ ते २९ मार्च): वाचन जास्त, पण रात्री कोरा कागद

सोम-मंगळ युनिट १ : चिंता विकृती, ओसीडी, आघातानंतरच्या विकृती. बुध-गुरू युनिट २ : नैराश्य, द्विध्रुवीय विकृती, आत्महत्या. शुक्र-शनी युनिट ३ : छिन्नमनस्कता. रविवारी सकाळी युनिट ४ : व्यक्तिमत्त्व विकृती. चौथ्याला एकच सकाळ पाहून दचकू नकोस. तीन गटांत मिळून दहा विकृती आहेत, अ मध्ये तीन, ब मध्ये चार, क मध्ये तीन. सांगाडा सोपा आहे.

सकाळी वाचताना हातात हायलायटर नको. तो मला देऊन टाक. रात्री फुलस्केप घे, वर फक्त विषय लिही आणि वीस मिनिटं आठवेल ते लिही. आठवत नसलं तरी वीस मिनिटं उठायचं नाही. मग पुस्तक उघड आणि राहिलेलं लाल पेनाने भर. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली दहा मिनिटं फक्त लाल अक्षरं.

नमुना सांगते. परवा फोनवर तू नैराश्याची लक्षणं सांगितलीस : उदास वाटणं, झोप न येणं, भूक जाणं, थकवा, आत्महत्येचे विचार. पाच झाली. पण डीएसएम-५ मध्ये नऊ आहेत आणि त्यातली निदान पाच सलग दोन आठवडे असावी लागतात. शिवाय उदास मनःस्थिती किंवा कशातच रस न वाटणं, या दोनपैकी एक हवंच. ही अट आणि रस न वाटणं हे लक्षण, दोन्ही तुझ्याकडून सुटलं. झोप आणि भूक वाढूही शकते, तेही राहिलं. कागदावर लाल शाईत हेच उमटलं पाहिजे.

दुसरा आठवडा (३० मार्च ते ५ एप्रिल): आठवणं जास्त, वाचन फक्त खड्डे बुजवायला

या आठवड्यात मुदतींची कार्डं कर. मार्क इथेच गळतात. जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे चालतील, एका बाजूला विकृती, दुसऱ्या बाजूला काळ :

उन्माद – एक आठवडा, सौम्य उन्माद – चार दिवस
सततची नैराश्य विकृती – दोन वर्षं
सामान्यीकृत चिंता – सहा महिने
तीव्र ताण विकृती – तीन दिवस ते एक महिना, त्यापुढे पीटीएसडी
अल्पकालीन मनोविकार – एक दिवस ते एक महिना, स्किझोफ्रेनिफॉर्म – एक ते सहा महिने, छिन्नमनस्कता – सहा महिने किंवा जास्त

बसमध्ये काढ, पण उलटी बाजू बघण्याआधी उत्तर तोंडाने म्हण. शेजारची बाई बघेल, बघू दे.

सकाळी कारणमीमांसा. प्रत्येक विकृतीसाठी जैविक, मानसिक, सामाजिक असे तीन रकाने पाड आणि पुस्तक न बघता भर. नैराश्याला बेकचं बोधनिक त्रिकूट (स्वतः, जग, भविष्य) आणि सेलिगमनची अध्ययनित असहायता. भयगंडाला वॉटसन आणि रेनर यांचा १९२० चा छोट्या अल्बर्टचा प्रयोग. छिन्नमनस्कतेला डोपामिन आणि प्रवणता-ताण प्रारूप. आत्महत्येच्या प्रश्नात २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ लिही : प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं कायदा गृहीत धरतो. पुस्तकातलं तेच ते वाचून कंटाळलेल्या परीक्षकाला असं काही दिसलं की बरं वाटतं.

एक मधेच. या आठवड्यात तुला स्वतःत, काकूत, रूममेटमध्ये सगळ्या विकृती दिसायला लागतील. मलाही दोन दिवस पक्कं वाटलं होतं की मला ओसीडी आहे, कारण गॅस दोनदा बघायचे. होतं असं सगळ्यांना. पण खरंच झोप उडाली, मन लागेना, तर वेळापत्रक बाजूला ठेव आणि मला सांग, किंवा १४४१६ वर टेली-मानसला फोन कर.

तिसरा आठवडा (६ ते १२ एप्रिल): जुने पेपर

रोज रात्री एक पंधरा मार्कांचा प्रश्न, घड्याळ लावून तीस मिनिटांत. पहिली तीन मिनिटं मुद्दे मांड, मग लिही. सकाळी तो तपास : व्याख्या, निकष, कारणं, उपचार, उदाहरण. यातलं काय आलं, काय नाही. सुंदर अक्षराला मार्क देऊ नकोस.

जुने पेपर जपून वापर. त्यात ‘छिन्नमनस्कतेचे प्रकार’ आणि ‘डीएसएमचे पाच अक्ष’ सापडतील. २०१३ च्या डीएसएम-५ ने दोन्ही काढून टाकलं. ओसीडी आणि पीटीएसडीही चिंता विकृतींच्या प्रकरणातून बाहेर पडून आपापल्या प्रकरणात गेले. असा प्रश्न आलाच तर प्रकार लिही, आणि शेवटी ते आता वेगळे मानत नाहीत हे एका ओळीत जोड.

प्रसंगावरच्या प्रश्नात पोरं घाई करतात. हा सोडव : बावीस वर्षांचा मुलगा, गेले तीन महिने त्याला शेजारी भिंतीतून बोलताना ऐकू येतात, ते जेवणात काहीतरी मिसळतात अशी त्याची खात्री आहे, कॉलेजला जाणं बंद. तू लगेच छिन्नमनस्कता लिहिशील. पण महिने तीनच आहेत. म्हणजे आत्ता स्किझोफ्रेनिफॉर्म. आवाज हा विभ्रम, जेवणाची खात्री हा भ्रम, हे दोन वेगळे करून दाखव. आणि नशा किंवा शारीरिक आजार नाही ना हे तपासायला हवं, तेही लिही.

चौथा आठवडा (१३ ते १९ एप्रिल)

मंगळवारी १४ ला आंबेडकर जयंतीची सुट्टी आहे. संध्याकाळी मिरवणूक असेल, म्हणून सकाळी ८ ते १० पूर्ण पेपर सोडव. टेबलावर फक्त पाण्याची बाटली, मोबाईल काकूकडे. गुरुवारी दुसरा पूर्ण पेपर. मधल्या दिवशी फक्त त्यात अडलेलं. शुक्र-शनी लाल अक्षरांचे कागद आणि कार्डं. नवीन काही उघडायचं नाही, मैत्रिणीने ‘हे नक्की येणार’ म्हणून फोटो पाठवला तरीही. रविवारी दुपारी एकदा चारही युनिटचा सांगाडा कोऱ्या कागदावर, रात्री दहाला झोप.

एखादा दिवस बुडाला तर तो भरून काढायला जागू नकोस. त्या दिवसाचं वाचन सोड, कोरा कागद तेवढा कर.

जुन्या पेपरांची झेरॉक्स बाबांबरोबर गुरुवारी पाठवते. २०१३ आधीचे वेगळे बांधलेत, त्यांवर पेन्सिलीने खूण आहे. पहिल्या रात्रीच्या कागदाचा फोटो सोमवारी मला पाठव, लाल शाईसकट.

– ताई