पहिला फादर्स डे (फोटो हललाय, समजून घ्या)

फोटोत दुपट्यात गुंडाळलेली आहे ती रेवा, आणि तिला धरून घामाघूम झालेला तो मी. दुपटं मीच गुंडाळलंय, म्हणून एक पाय बाहेर दिसतोय. सासूबाईंनी गुंडाळलं की ती तासभर हलत नाही. माझ्या हातचं दुपटं दोन मिनिटांत सुटतं. तिला मोकळंच आवडतं, असं मी सगळ्यांना सांगत असतो.

आज २१ जून. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस, असं शाळेत शिकलो होतो. दिवसाचं ठाऊक नाही, रात्र मात्र फार मोठी होती. योग दिनही आजच आहे म्हणे. पहाटे तीनपासून खांद्यावर बाळ घेऊन सोप्यातल्या सोप्यात फेऱ्या मारल्यात, तेवढ्यात भागवून घ्या.

पहिलं बाळंतपण म्हणून प्राजक्ता माहेरी, इचलकरंजीला. माझी नोकरी रेल्वेत, पुण्याला. पंधरा दिवसांची पितृत्व रजा कधीच संपली, त्यामुळे आता मी शनिवारी रात्री येणारा बाप आहे. इथं आल्यावर कळतं की घरात माझ्यावाचून काही अडत नाही. मालिशला मावशी येतात, त्या पाय लांब करून रेवाला पायांवर पालथं घेतात आणि अशी काही चोळतात की माझाच जीव खालीवर होतो. धुरी सासूबाईंकडे. गुटी आजेसासूबाईंकडे, सहाणेवर किती वेढे द्यायचे हे त्या कुणालाच सांगत नाहीत. मी आपला दारात उभा. कुणीतरी म्हणतं, 'जावईबापू, तेवढा टॉवेल द्या.' मी टॉवेल देतो.

पण एक खातं आता माझ्याकडे आलंय, ढेकराचं. दूध पिऊन झालं की प्राजक्ता न बोलता बाळ माझ्याकडे देते. खांद्यावर फडकं, एक हात मानेखाली, दुसऱ्याने पाठीवर खालून वर. घाई करायची नाही. अंगाई मला येत नाही, म्हणून मी पाढे म्हणतो. सतरापर्यंत ती डोळे टक्क उघडे ठेवून ऐकते, एकोणीसला मान टाकते. एकोणतीसचा पाढा आजवर तिने ऐकलेला नाही आणि मलाही तो धड येत नाही, तेव्हा दोघांचं बरं चाललंय. मधेच तिच्या एवढ्याशा पोटातून ट्रकवाल्यासारखा ढेकर येतो आणि अंधारात प्राजक्ता विचारते, 'आला?' मी म्हणतो, 'आला.' एवढ्या अभिमानाने मी दहावीचा निकालही कुणाला सांगितला नव्हता.

दीड महिन्याच्या लसी द्यायला गेलो, तेव्हा नर्सबाईंनी विचारलं, 'बाळाचे बाबा कुठायत?' माझ्या तोंडून निघालं, 'हजर.' त्या हसल्या, म्हणाल्या, 'मग पाय धरा.' धरले. दोन्ही मांड्यांत सुया गेल्या तेव्हा तिने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग भोकाड पसरलं. ते पाहणं अजून डोळ्यांसमोरून जात नाही. रात्री ताप आला. येणार हे सांगितलेलं होतं, तरी मी दर अर्ध्या तासाने तिच्या कपाळाला हात लावत होतो. शेवटी प्राजक्ता म्हणाली, 'अहो, तुमच्या हातानेच तापेल ती.'

प्राजक्ता, तुझ्याबद्दल इथं लिहिलं तर तू रागावशील. तरी एवढंच, की मी जे निम्मं-शिम्मं शिकलोय ते तू झोप मोडून शिकवलंयस, आणि चुकत असताना बघूनही गप्प राहिलीयस.

आणि अण्णा. तुम्ही फेसबुकवर नाही, ताई वाचून दाखवेल. वडीलधाऱ्यांसमोर आपलं मूल उचलायचं नाही, अशी तुमच्या वेळची रीत. आई सांगते, आजोबा रानात गेले की तुम्ही मला घेऊन गोठ्यापर्यंत जायचा आणि ते परत यायच्या आत खाली ठेवायचा. मला ते अर्थातच आठवत नाही. बारशाला मात्र सगळ्या पाहुण्यांदेखत तुम्ही रेवाला घेतलंत आणि जेवणाची पानं मांडून झाली तरी खाली ठेवायचं नाव नाही. आजी 'आता आण इकडं' म्हणाली, तर पाठ फिरवून उभे राहिलात! मजा आली अण्णा. तुम्हालाही फादर्स डेच्या शुभेच्छा. फोनवर हे बोलायला गेलो असतो तर 'पाऊस आहे का तिकडं?' यावरच आलो असतो.

रेवाबाई, तुम्हाला काय सांगू? मला अजून नखं कापता येत नाहीत तुमची, भीती वाटते. झबल्याचे बंद पुढे की मागे, हे दर वेळी विचारावं लागतं. शिकतोय. तुम्ही मान धरायला शिकताय, मीही काहीबाही शिकतोय.

शुभेच्छा द्यायला फोन करणाऱ्यांना विनंती: मेसेज करा. आत्ताच झोपलीये, आणि उठली तर तुम्हाला यावं लागेल पाढे म्हणायला.

#पहिलाफादर्सडे #रेवाचाबाबा #ढेकरखातं