साक्षीदार क्रमांक चार

कोर्टात बोललेले ऐकून आपोआप लिहिणारी यंत्रणा बसवायला आलेल्या तरुणाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात एक मायक्रोफोन, न्यायाधीशांसमोर दुसरा आणि सुमतीबाईंच्या टेबलावर एक जादा पडदा ठेवला आणि "तुम्हाला आता फक्त तपासायचं आहे," असे इतक्या सौजन्याने सांगितले की बाईंना रागावताही येईना. कार्बन घालून प्रती काढण्याच्या काळापासून त्या या टेबलावर होत्या. टाइपरायटर जाऊन संगणक आला, तरी कामाची रीत तीच राहिली: साक्षीदार त्याच्या परीने बोले, साहेब त्याचे नीटनेटके वाक्य करून सांगत आणि बाई ते टंकित करीत. "हे म्हणणे खरे नाही की मी खोटी साक्ष देत आहे," हे वाक्य तर साहेबांनी सुरू करताच त्यांच्या बोटांनी पुरे केलेले असे.

पहिल्या आठवड्यात पडद्याने 'पंचनामा'चा 'पाच नावं' केला, दोन वकील एकदम बोलू लागले की त्यांचे भांडण एकाच्याच तोंडी घातले, आणि बाईंना त्याचे (मान्य करायला हरकत नाही) समाधान वाटले.

मग चोरीच्या खटल्यात चौथा साक्षीदार, रात्रीचा पहारेकरी, उभा राहिला. आरोपीला ओळखता का, असे सरकारी वकिलांनी विचारल्यावर तो बराच वेळ खाली पाहत राहिला.

"अंधार होता साहेब. तोंड दिसलं नाही. चालण्यावरून तोच वाटला. म्हणजे, असेल तोच."

साहेबांनी सवयीने सांगितले, "अंधार होता. मी आरोपीला त्याच्या चालण्यावरून ओळखले." बाईंनी ते टंकित केले, आणि शेजारच्या पडद्यावर पहारेकऱ्याचे शब्द जसेच्या तसे उमटलेले त्यांना दिसले. साहेबांचा हेतू वाईट नव्हता. साक्ष आटोपशीर करण्याची ती रीतच होती, आणि अशा रीतीने आटोपलेल्या साक्षींवर बाईंनी आजवर नुसत्या शुद्धलेखनाच्या चुका तपासल्या होत्या.

सहीपूर्वी साक्ष वाचून दाखवताना पहारेकरी प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता, त्या वाक्यालाही. बाई थांबल्या.

"साहेब, पडद्यावर वेगळं आहे."

सरकारी वकील लगेच उठले. न्यायालयाने सांगितले तीच साक्ष, यंत्राचे प्रयोग अजून चालू आहेत, असे त्यांचे म्हणणे. बचाव पक्षाचे वकील कागद शोधण्यात गुंतले होते; आता तेही उठले. साहेबांनी पडदा आपल्याकडे वळवून घेतला, दोनदा वाचले आणि म्हणाले, "साक्षीदाराचेच शब्द घ्या."

"आणि तो आधी गप्प होता, ते यात आलेलं नाही," बाई म्हणाल्या.

साहेबांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. "उत्तर देण्यापूर्वी साक्षीदार बराच वेळ गप्प राहिला. न्यायालयाची नोंद."

पडद्याने ते वाक्यही तत्परतेने लिहिले, मात्र पहारेकऱ्याच्या तोंडी. बाईंनी ते तिथून काढले, न्यायालयाच्या नोंदीत घातले आणि साक्ष पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली.