रु. 2,40,000 वसुलीचा दावा

मे. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, बारामती यांचे न्यायालयात
नियमित दिवाणी दावा

वादी: दत्तात्रय निवृत्ती गावडे, वय 52, धंदा शेती, रा. माळेगाव बुद्रुक, ता. बारामती, जि. पुणे
विरुद्ध
प्रतिवादी: संजय बबन कोकरे, वय 49, धंदा शेती, रा. पणदरे, ता. बारामती, जि. पुणे

वादीचा नम्र अर्ज की,

1. वादी व प्रतिवादी यांची जुनी मैत्री असून दोघांचे एकमेकांच्या घरी येणेजाणे होते. प्रतिवादीस ऊस क्षेत्रात बोअरवेल व ठिबक संच बसवायचा होता. त्यासाठी त्याने मागितल्यावरून वादीने दि. 14/06/2023 रोजी आपल्या बारामती येथील बँक खात्यातून रु. 3,00,000 आरटीजीएसने प्रतिवादीच्या खात्यात हातउसने म्हणून जमा केले.

2. प्रतिवादीने त्याच दिवशी स्वतःच्या हस्ताक्षरात चिठ्ठी लिहून सही केली. "रु. 3,00,000 हातउसने घेतले, 31 डिसेंबर 2023 पर्यंत परत करीन" असा तिचा मजकूर आहे. व्याज ठरले नव्हते. वादी सावकारी करत नाही.

3. दि. 05/01/2024 रोजी प्रतिवादीने खात्यातून रु. 60,000 परत केले. उर्वरित रु. 2,40,000 मागितल्यावर "उसाचे बिल आले की देतो" असे संदेश त्याने मोबाईलवर पाठविले. वादी त्या शब्दावर विसंबून थांबला. रक्कम मात्र आली नाही.

4. वादीने दि. 03/03/2025 रोजी वकिलामार्फत रजिस्टर पोस्टाने नोटीस दिली. ती दि. 07/03/2025 रोजी प्रतिवादीस पोचली. उत्तरात प्रतिवादीने ही रक्कम भागीदारीतील गुंतवणूक असल्याचे प्रथमच सांगितले. हे म्हणणे खोटे आहे. उभयतांत भागीदारी कधीच नव्हती, आणि गुंतवणूक असती तर परतफेडीची तारीख लिहून द्यायचे काहीच कारण नव्हते.

5. दाव्यास कारण दि. 14/06/2023 रोजी रक्कम दिली तेव्हा, दि. 31/12/2023 रोजी मुदत संपूनही रक्कम परत न केल्याने व नोटिशीनंतर देण्याचे नाकारल्याने घडले. दावा रक्कम दिल्यापासून तीन वर्षांच्या आत, म्हणजे मुदतीत आहे.

6. प्रतिवादी या न्यायालयाच्या स्थलसीमेत राहतो व व्यवहारही येथेच झाला. त्यामुळे दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 चे कलम 20 प्रमाणे या न्यायालयास अधिकार आहे. दाव्याचे मूल्यांकन रु. 2,40,000 असून ते न्यायालयाच्या आर्थिक अधिकारात आहे व नियमाप्रमाणे कोर्ट फी भरली आहे. याच रकमेबाबत अन्य दावा प्रलंबित नाही.

7. सोबत मूळ चिठ्ठी, खातेउतारा, नोटीस, पोचपावती व उत्तर जोडले आहे. मोबाईल संदेशांसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 चे कलम 63 चे प्रमाणपत्र दिले आहे.

सबब विनंती की,

अ) प्रतिवादीने वादीस रु. 2,40,000 द्यावेत असा हुकूमनामा व्हावा.

ब) मागील व्याज वादी मागत नाही, दाव्याच्या तारखेपासून वसुलीपर्यंत द.सा.द.शे. 6 प्रमाणे व्याज मिळावे.

क) दाव्याचा खर्च प्रतिवादीकडून मिळावा.

ड) न्यायालयास योग्य वाटेल ती अन्य दाद मिळावी.

बारामती, दि. 21/07/2025
वादी: दत्तात्रय निवृत्ती गावडे

सत्यापन: मी वादी सत्यप्रतिज्ञेवर सांगतो की, कलम 1 ते 4 मधील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व कलम 5 ते 7 मधील कायदेशीर मजकूर मिळालेल्या सल्ल्याप्रमाणे खरा व बरोबर आहे. बारामती येथे दि. 21/07/2025 रोजी सही केली.
दत्तात्रय निवृत्ती गावडे