तुमच्या स्वयंपाकघरातला लाल डबा आम्हाला दाखवा 📸 #माझालालडबा

ताई, दादा, काकू, मावशी, सगळ्यांना नमस्कार. आज 1 जून, वर्षाचा मसाला एव्हाना तुमच्या घरी पोचून बरणीत जाऊन वर हिंगाचा खडा ठेवून झाकण घट्ट लागलंही असेल. लालबागच्या आमच्या गल्लीत मार्च ते मे मसाला कुटणाऱ्या डंखाचा आवाज थांबत नाही, रस्त्यावर उभं राहिलं की खोकला येतो, सगळ्यांचे डोळे लाल, आणि आता पाऊस तोंडावर आला तशी ती गर्दी एकदम ओसरली. म्हणून आता निवांतपणे तुमच्याशी बोलायला बसलोय, आणि एक गोष्ट मागायची आहे.

आमच्या मसाल्याचा प्रवास आम्हाला डंखापर्यंतच माहीत असतो. मिरच्यांचे देठ काढण्यापासून धणे, खसखस, दगडफूल, नागकेशर, जायपत्री कढईत एकेक करून भाजेपर्यंत सगळं डोळ्यासमोर होतं. पण आमचा लाल डबा दुकानाच्या पायऱ्या उतरला की पुढे त्याचं काय होतं ते आम्हाला कळतच नाही. तो कुठल्या कोळंबीत पडला, कुठल्या वांग्यात भरला गेला, कुणाच्या ऑफिसच्या डब्यात गेला, काही म्हणजे काही नाही. ते बघायचंय.

म्हणून आजपासून नारळी पौर्णिमेपर्यंत तुमच्या घरी लाल डब्यातल्या मसाल्याचं जे काही बनेल त्याचा फोटो काढा आणि #माझालालडबा लावून तुमच्या फेसबुक किंवा इन्स्टावर टाका, सोबत आमचं हे पेज टॅग करा. एवढंच.

आता फोटो कसला, तर रोजचा. खास पाहुण्यांसाठी मांडलेलं ताट असेल तरी चालेल, पण खरं सांगायचं तर आम्हाला मंगळवारी रात्री साडेनऊला घरी येऊन घाईत टाकलेली बटाट्याची रस्सा भाजी बघायला जास्त आवडेल. मागच्या आठवड्यात एका ताईंनी इनबॉक्समध्ये न मागता एक फोटो पाठवला. सुकटीची चटणी, वर कच्चा कांदा बारीक चिरून, बाजूला तांदळाची भाकरी एका कडेला जराशी करपलेली, आणि ताटाच्या मागे ओट्यावर आमचा डबा, झाकण अर्धं उघडं, आत चमचा तसाच. झाकणावर तेलाच्या बोटांचे ठसे. दुकानात सगळ्यांनी तो फोटो झूम करून करून पाहिला. आमच्याकडे पंचवीस वर्षं मिरच्या भाजणाऱ्या मावशी आहेत, त्या म्हणाल्या, "चमचा आतच ठेवलाय म्हणजे रोज लागतोय." हे असलं बघायचंय आम्हाला. स्टुडिओत काढलेले फोटो आमच्याकडेही आहेत, त्यात चमचा असा आत राहिलेला कधी दिसत नाही.

आणि दिवस पण बरोब्बर निवडलेत. 1 जून ते 31 जुलै समुद्रात यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, म्हणजे ताजी मासळी कमी आणि महाग, म्हणजे घराघरात सुक्याचे डबे उघडणार. सुके बोंबील, जवळा, सुकट, सोडे, बांगडा. सीकेपी मंडळी, सोड्याच्या खिचडीचा फोटो तुमच्याकडून आला नाही तर आम्ही विचारायला येऊ 😄 मग आषाढ संपताना मटण-कोंबडी, आणि श्रावण लागला की काळ्या वाटाण्याचं सांबार, वालाचं बिरडं, अळूचं फदफदं. मसाला तोच, पण दोन-अडीच महिन्यांत त्याची किती रूपं होतात ते एका हॅशटॅगखाली लागोपाठ दिसलं तर किती मजा येईल विचार करा.

त्यात मुंबई म्हणजे एकाच मसाल्याची गोष्ट नाहीच. मालवणी घरात तो वाटपात जातो, आगरी-कोळी घरात आंबटात, घाटावरच्या मंडळींना त्यात कांदा-लसूण हवाच, पाठारे प्रभूंचं परभी सांबार वेगळं, त्यात गहू आणि डाळसुद्धा भाजून पडते, आणि वसई-उत्तन-गोराईच्या ईस्ट इंडियन घरांतला बॉटल मसाला तर काळपट बाटलीत ठासून भरून वर्षभर टिकवतात. दरवर्षी बायका आपापली यादी घेऊन येतात, कुणाची सासूच्या हातची पिवळी पडलेली चिठ्ठी, कुणाची मोबाईलमधल्या फोटोवर, आणि आपला घाणा दुसऱ्याच्यात मिसळू नये म्हणून डंखापाशी उभ्या राहतात, शेवटची पूड झटकून घेईपर्यंत हलत नाहीत. आमचा लाल डबा विकत घेणारे पण त्यात स्वतःचं काहीतरी घालतातच हे आम्हाला माहितीये. कुणी वरून त्रिफळं, कुणी जास्तीची लवंगी. ते घातलेलं पण लिहा, आम्हाला राग येत नाही, उलट तेच हवंय.

फोटोसोबत दोन ओळी नक्की टाका. कुठलं गाव मूळचं, आता राहता कुठे, कृती कुणाकडून आली. गिरगाव, विक्रोळी, डोंबिवली, विरार, जिथे असाल तिथून. मोठं लिहायचं असेल तर मोठं लिहा, आम्ही सगळं वाचतो.

थोडं फोटोबद्दल, कारण हा प्रश्न इनबॉक्समध्ये नेहमी येतो की आमच्या फोटोत रस्सा चॉकलेटी का दिसतो. ट्यूबलाइटखाली लाल रंग मरतो, म्हणून जमलं तर ताट खिडकीशी न्या आणि दिवसा काढा, रात्री काढत असाल तर फ्लॅश नको, नाहीतर तवंगावर पांढरा ठिपका येतो आणि बाकी सगळं काळं. कढई गॅसवरून उतरवल्या उतरवल्या मोबाईल वर धरू नका, वाफेने लेन्स धुरकट होते, आधी फडक्याने पुसा, वाफ जरा बसू द्या. आणि कृपा करून फिल्टर लावू नका. आमच्या मसाल्याचा लाल रंग ब्याडगीचा आहे, तिखटपणा संकेश्वरीचा, वरून रंग आम्ही घालत नाही. फिल्टर लावला की तो भडक नारिंगी दिसतो, मग लोक कमेंटमध्ये विचारतात हा कुठला रंग मिसळता, आणि त्याचं वाईट वाटतं. जसा दिसतो तसाच दाखवा.

हॅशटॅग नीट टाइप करा हां. #माझालालडबा, सगळं सलग, मध्ये जागा सोडायची नाही, सोडलीत तर तो "माझा" पाशीच तुटतो आणि तुमचा फोटो आमच्यापर्यंत येत नाही. जोडाक्षर मुद्दाम ठेवलं नाही म्हणजे टाइप करायला सोपं. इंग्रजीत प्रत्येकजण स्पेलिंग वेगळं करतो म्हणून मराठीतच ठेवलाय. पोस्ट पब्लिक असली पाहिजे. प्रोफाइल प्रायव्हेट ठेवायचं असेल तर ते बदलू नका, फोटो सरळ आम्हाला मेसेज करा, तेवढाच मान आहे त्याला. स्टोरी टाकलीत तर ती चोवीस तासांत जाते, त्यामुळे शक्यतो पोस्टच टाका.

आता महत्त्वाचं, हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. फोटो तुमचा, तो तुमचाच राहणार. हॅशटॅग लावला म्हणजे आम्हाला वापरायची परवानगी मिळाली असं आम्ही धरत नाही. आवडलेल्या फोटोखाली आम्ही आमच्या याच पेजवरून विचारू, "आमच्या पेजवर लावू का?", तुम्ही हो म्हटलंत तरच लावू, तुमच्या नावासकट, आणि नंतर कधी वाटलं की काढा तर एक मेसेज करा, त्याच दिवशी काढू. डब्यावर किंवा बॅनरवर छापायचा असेल तर ते वेगळं, त्यासाठी फोन करून लेखी होकार घेऊ आणि त्याचे पैसे देऊ. एखाद्याच्या घरातला फोटो उचलून आपल्या जाहिरातीत लावणं आम्हाला पटत नाही, आमचा स्वतःचा फोटो असा कुणी वापरला तर आम्हालाही चालणार नाही.

दुसऱ्याचा फोटो नेटवरून उचलून टाकू नका. लहान मुलं फोटोत असतील तर घरच्यांना विचारूनच. आणि हो, पार्सलचा डबा दाखवताना कुरियरचं लेबल आधी काढा किंवा हाताने झाका, त्यावर तुमचा पूर्ण पत्ता आणि मोबाईल नंबर असतो, पब्लिक पोस्टमध्ये तो जायला नको. मागे भिंतीवर लाइट बिल टांगलेलं असेल तर तेही बघा.

बक्षीस काय, असं विचाराल. बक्षीस ठेवलेलं नाही, आणि त्याचं कारण आहे. फुकट माल किंवा पैसे घेऊन पोस्ट टाकली की ती जाहिरात होते आणि तसं त्यावर स्पष्ट लिहावं लागतं, नियमच आहे तो, आणि बरोबर आहे. आम्हाला इथे तुमचं खरं मत हवंय. तारीफ करायची सक्ती नाही. यंदाचा मसाला तुम्हाला जास्त तिखट वाटला, मीठ जास्त लागलं, मागच्या वर्षीचा वास बरा होता असं वाटलं तरी याच हॅशटॅगखाली लिहा, आम्ही ती पोस्ट लपवणार नाही, उत्तर देऊ. मिरची दरवर्षी सारखी येत नाही, पाऊस कसा झाला त्यावर असतं बरंच, त्यामुळे तुमच्या जिभेचं ऐकूनच पुढच्या मार्चमध्ये प्रमाण बसवणार आहोत.

पण एक करणार आहोत. ज्यांनी हो म्हटलंय त्यांच्या फोटोंच्या प्रिंट काढून दुकानाच्या आतल्या भिंतीवर लावणार, जिथे मावशी मिरच्यांचे देठ काढायला बसतात तिथे, त्यांच्या समोर. ती भिंत आत्ता रिकामी आहे, तिथे फक्त कॅलेंडर आहे. गणपतीला लालबागला याल तेव्हा आत या, आपला फोटो शोधा, आणि त्याची एक कॉपी घरी घेऊन जा. गर्दी असते, पण आम्ही आत घेऊ.

ज्यांना मोबाईलवर हे सगळं जमत नाही अशा आज्ज्या आणि काकूंसाठी नातवंडांनी हात लावावा ही विनंती. चव त्यांच्याच हाताला जास्त असते आणि पोस्ट मात्र त्यांची एकही नसते. फोटो तुम्ही काढा, टाइप तुम्ही करा, नाव त्यांचं लिहा.

इन्स्टावर कॅप्शन 2,200 अक्षरांच्या पुढे जात नाही म्हणून पूर्ण मजकूर इथे फेसबुकवर टाकलाय, तिकडे थोडक्यात आहे, नियम दोन्हीकडे तेच.

तर आज रात्री काय आहे जेवायला? फोटो काढा, टाका, आणि टाकलात की या पोस्टखाली कमेंटमध्ये फक्त "टाकला" असं लिहा, म्हणजे चुकून एखादा दिसला नाही तर आम्ही स्वतः तुमच्या प्रोफाइलवर येऊन शोधू 🌶️

#माझालालडबा #लालबाग #सुकीमासळी