शिल्पा, मनापासून अभिनंदन!

शिल्पा,

काल मीटिंगनंतर सगळ्यांच्या गराड्यात नीट बोलता आलं नाही, म्हणून हे सवडीने लिहितोय. क्वालिटी मॅनेजर झाल्याबद्दल मनापासून अभिनंदन!

ही जागा मलाही हवी होती, हे तुला माहीत आहेच. वाईट वाटलं नाही असं म्हटलं तर तूच हसशील. पण निवड योग्य माणसाची झाली, याबद्दल मनात किंतु नाही. पावसाळ्यात बोअर ओव्हरसाइझ निघाल्याची तक्रार आली, तेव्हा जो तो ऑपरेटरवर घसरत होता. तू मात्र थेट मशीनवर गेलीस, एअर गेज मास्टर रिंगवर लावून पाहिलास आणि गेजचं शून्यच सरकलंय हे सगळ्यांसमोर दाखवलंस. त्या पोराची नोकरी त्या दिवशी वाचली. रिपोर्टात यातलं काही येत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता चारचौघांत 'मॅडम' म्हणेन, चहाच्या टपरीवर नाही. आधीच सांगून ठेवतो!

भोसरीच्या कास्टिंग सप्लायरची फाइल माझ्याकडे आहे. त्यांच्या ऑडिटआधी मला अर्धा तास दे. मालक गोड बोलून वेळ मारून नेतो. सीएमएमचं कॅलिब्रेशन या महिन्यात आहे, ते मी बघतो, तू त्यात डोकं घालू नकोस.

आणि पार्टी चाकणला नको, तिथल्या ट्रॅफिकमधून सुटेपर्यंत भूक मरते. रविवारी कोथरूडला, घरच्यांसकट. शेवटी मस्तानी, तीही तुझ्याकडून.

संदीप