जुन्या मिक्सरच्या कपलरसाठी दुकानदारांना पत्र

चिपळूण,
सोमवार, २८ जुलै २०२५

प्रति,
दुकानाचे मालक,
हार्डवेअर आणि मिक्सरचे सुटे भाग,
तापकीर गल्ली, बुधवार पेठ, पुणे

विषय : जुन्या मिक्सरचा मोटरवरचा कपलर, ६ दाती, ८ मिमी, उलट्या आट्यांचा

शेठ, स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. आमच्या शेजारच्या वहिनींच्या घरघंटीचा एक जुना भाग दोन वर्षांपूर्वी कुठेच मिळत नव्हता, तो तुमच्या दुकानातून आला आणि घरघंटी अजून चालू आहे. तुमचा पत्ता त्यांनीच दिला. उद्या नागपंचमी, चिरणं-तळणं नाही म्हणून डब्यांना सुट्टी आहे. तेव्हा आज रात्री निवांत बसून सगळं नीट लिहिते आहे.

माझा घरगुती डब्यांचा व्यवसाय आहे. रोज अठरा डबे जातात. मिक्सर १९९८ साली सासूबाईंनी डब्यांच्या पैशातून घेतलेला. कंपनी आणि मॉडेल तुम्ही आधी विचाराल, पण तेच मला सांगता येत नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या स्वयंपाकघरात दुसऱ्या फळीपर्यंत पाणी होतं आणि मिक्सर दोन दिवस चिखलात होता. मोटर धुऊन, वाळवून, वाइंडिंग नव्याने भरून घेतलं, ती तेव्हापासून तक्रार न करता चालते आहे. पण बुडावरचं नाव-नंबरचं स्टिकर गेलं, आणि बिल, पुस्तिका, जपून ठेवलेला जादा कपलर हे सगळं पाण्याबरोबर गेलं. म्हणून हा भाग नावाने न मागता मापाने आणि आकाराने मागते आहे.

तुटला आहे तो मोटरच्या दांड्यावर बसणारा कपलर, म्हणजे ज्यावर जार ठेवतो तो. त्याच्या सहा दातांपैकी चार मुळापासून गेले. उरलेले दोन शेजारी-शेजारी आहेत, समोरासमोर नाहीत, त्यामुळे टोकापासून टोकापर्यंतचं माप सरळ घेता येत नव्हतं. माझा भाचा आयटीआयला फिटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने व्हर्नियर आणून प्रत्येक माप तीनदा घेतलं. खाली लिहिलेली मापं त्याची आहेत, पट्टीने काढलेली नाहीत.

कपलरला दोन मजले आहेत असं समजा. खालचं बूड गोल, रुपयासारखं सपाट, व्यास ४० मिमी, जाडी ६ मिमी. त्याच्यावर दातांचा भाग १२ मिमी उंच. बुडापासून माथ्यापर्यंत एकूण उंची १८ मिमी. वरून पाहिलं तर चकलीच्या सोऱ्यातल्या चांदणीसारखा दिसतो, पण टोकं चांदणीसारखी निमुळती नाहीत, चौकोनी आहेत, कोपरे फक्त किंचित गोल केलेले. दात बुडाशी ७ मिमी रुंद आणि वर ६ मिमी, म्हणजे वर जाताना थोडा बारीक होतो. दाताचं टोक बुडाच्या कडेपासून ३ मिमी आत आहे. दोन्ही बाजूंचे तीन-तीन वजा केले तर टोक ते टोक ३४ मिमी येतं. दोन दातांमधल्या खाचेत मोजलं तर मधला गाभा २४ मिमी.

हा ३४ चा आकडा बरोबर आहे का, हे जारच्या बाजूनेही पाहिलं. जारखालच्या कपलरात सहा दातांची घरं आहेत, त्यात टोक ते टोक ३५ मिमी आहे. म्हणजे दोन्हीकडे अर्धा-अर्धा मिमी सैल, आणि जार हाताने सहज बसायला तेवढं हवंच. माझ्या तुकड्याचे दात सत्तावीस वर्षांत झिजले असतील अशी शंका आली तर तुम्ही जारचं माप खरं धरा, ती बाजू जवळपास नव्यासारखी आहे.

आता आट्यांबद्दल, कारण माझी फसगत तिथेच झाली. कपलरच्या पोटात पितळी नट ओतून बसवलेला आहे. भोक फक्त खालून, १५ मिमी खोल, वरचं तोंड बंद. मोटरचा दांडा चकतीच्या वर १४ मिमी येतो. आटे उलटे आहेत. मोटर वरून पाहताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरते, त्यामुळे सरळ आट्यांचा कपलर चालू मोटरवर सैल होत जाईल. माझा जुना कपलर खालचा पंखा धरून घड्याळाच्या दिशेने फिरवला तेव्हाच सुटला. दांड्याची जाडी आट्यांवरून ७.९ मिमी भरते, आणि इथेच घोटाळा होतो, कारण अडीच सुती दांडाही जवळपास तेवढाच असतो. गेल्या महिन्यात इथल्या एका दुकानातून आणलेला कपलर उलट्या आट्यांचाच होता, दोन फेरे गोडीने आत गेला आणि अडकला. मी जोर केला नाही, दांड्याचे आटे गेले असते तर मोटरच बाद झाली असती. भाच्याने मग दांड्यावरचे दहा आटे मोजले, ते १२.५ मिमीत बसतात. म्हणजे एका आट्याला सव्वा मिमी, म्हणून हा आठ एमएमचा. अडीच सुतीचे, इंचाला अठरा आट्यांचे असते तर दहा आट्यांना चौदा मिमीच्या वर लागले असते. तुमच्याकडचा कपलर हातात आला की कृपा करून आठ एमएमचा उलट्या आट्यांचा बोल्ट त्यात शेवटपर्यंत फिरवून पाहा. नुसत्या नजरेने दोन्ही सारखेच दिसतात.

दुसरा आणलेला कपलर आट्यांना बरोबर होता, दातही सहा. पण उंची २१ मिमी. जार तीन मिमी वर राहिला आणि त्याची कडी खाचेत बसेना. हाताने दाबून एकदा ओल्या खोबऱ्याचं वाटण केलं, पण आवाज ऐकूनच बंद केलं. उंची एक मिमी कमी असेल तर मी खाली चकती घालून भागवीन. जास्त असेल तर मात्र अर्धा मिमीही चालणार नाही. दातांच्या मापात ३३.५ ते ३४ मिमी चालेल. त्याहून बारीक नको, जारमध्ये खडखडेल आणि दात पुन्हा तुटतील. ही दोन्ही दुकानं ओळखीची आहेत, त्यांनी चांगल्या मनानेच दिलं होतं आणि परतही घेतलं, तक्रार म्हणून लिहीत नाही. तुमच्याकडून तेच दोन नग येऊ नयेत एवढ्यासाठी सांगितलं.

रंग काळा. रबर नाही, कडक नायलॉनसारखं आहे. नख रुतत नाही, पण दोन बोटांत दाबला तर दात अगदी किंचित लवतो. तुटलेली कड पांढरट आणि दाणेदार दिसते. तुटलेल्या चार दातांपैकी एक या पाकिटात कागदी पुडीत ठेवला आहे, हाताला पोत कळावा म्हणून. मूळ तुकडा मुद्दाम पाठवलेला नाही. टपालात हरवला तर माझ्याकडे नमुनाच उरणार नाही. गरज वाटली तर फोन करा, मी लगेच पाठवीन.

सोबतच्या कागदावर कपलर पालथा ठेवून कडेने बारीक पेन्सिल फिरवली आहे, आणि दुसऱ्या बाजूला उभा ठेवून आडवा आकार काढला आहे. गेलेले चार दात तुटक रेघेने दाखवलेत. कागदाच्या तळाला ५० मिमीची एक रेघ आहे. तुम्ही कोणाला या कागदाची झेरॉक्स दिली तर आधी त्या रेघेवर पट्टी ठेवायला सांगा. झेरॉक्समध्ये चित्र थोडंसं लहान-मोठं होतं, मग रेघ पन्नास भरत नाही आणि बाकीची मापंही चुकतात.

दात का तुटले हे तुम्ही विचारालच, म्हणून सांगते. लहान जारची पाती जाम झाली होती. मसाल्याचा चिकटा दांड्याच्या बुशात बसला होता आणि मला ते कळलं नाही. मोटर जळण्याआधी कपलर तुटला हे चांगलंच झालं. तो जार उघडून नवा बुश बसवून घेतला, आता तिन्ही जारची पाती बोटाने फिरतात. नवा कपलर त्या कारणाने पुन्हा जाणार नाही.

जारच्या बाजूचे कपलर बदलून जोडीने नवा सेट घ्या, असं इथे सुचवलं होतं. ते नको. माझ्या जारांना ते पात्यांच्या दांड्यावर दाबून बसवलेले आहेत, सुटत नाहीत. एका तुकड्यासाठी तीन जारांची पाती बदलावी लागतील. जार जुने, जाड स्टीलचे आहेत, हल्ली तसे मिळत नाहीत. नवा मिक्सर घ्या असं तर सगळेच सांगतात. पण या मोटरला काही झालेलं नाही, आणि सासूबाईंची ही वस्तू पुरातून वाचवून आणली आहे. १८ मिमीच्या एका तुकड्यासाठी ती भंगारात घालायला माझा हात धजत नाही.

हुबेहूब नग मिळाला तर तीन पाठवा, एक वापरायला आणि दोन शिल्लक ठेवायला. नसेल तर तुमच्या ओळखीचा लेथवाला नायलॉनच्या सळईतून दात काढून, आत पितळी नट बसवून देईल का, हे विचारून ठेवा. तसं झालं तर एकच करून घ्या. बसला की पुढचे सांगेन. खर्च काय येईल तो आधी फोनवर कळवा, मी त्याच दिवशी यूपीआयने पैसे पाठवीन. माझा नंबर पाकिटाच्या मागे लिहिला आहे. दुपारी दोन ते चार मी निवांत असते, सकाळी डब्यांच्या गडबडीत फोन ऐकू येत नाही.

घाई एवढ्याचसाठी की २७ ऑगस्टला गणपती. चाकरमानी त्याआधी आठवडाभर यायला लागतात आणि डबे अठराचे चाळीस होतात. सध्या मी वाटण पाट्यावर करते आहे. अठरा डब्यांचं होतं, चाळीसांचं माझ्या मनगटाला झेपणार नाही, आणि सोलकढीसाठी इतक्या नारळांचा रस हाताने निघत नाही. १५ ऑगस्टपर्यंत नग हातात आला तर बसवून, चालवून बघायला वेळ मिळेल. स्पीड पोस्टाने पाठवलात तरी चालेल, एसटीच्या पार्सलने पाठवलात तर चिपळूण स्टँडवरून भाचा घेऊन येईल.

तुमच्याकडे हा नग नसेल आणि गल्लीत दुसऱ्या कोणाकडे असेल असं वाटलं, तर हा कागद त्यांना द्या. मी त्यांच्याशी बोलेन. नाहीच मिळाला तर तसाही एक फोन करा, म्हणजे मी वाट पाहत बसणार नाही आणि मुंबईला लोहार चाळीत कोणाला तरी पाठवीन.

कळावे,
आपली नम्र,
सौ. विद्या कदम

ता. क. पुडीतला दात लहान आहे, पाकीट उघडताना जपून उघडा. आणि मघाशी लिहायचं राहिलं, कपलरच्या बुडाखाली दांड्यावर २ मिमी जाडीची पोलादी चकती आहे, ती माझ्याकडे चांगली आहे, पाठवू नका. वरची १४ मिमीची मोजणी ती चकती बसवूनच केलेली आहे.